कॅशलेसचे दर ठरवणारं पत्र

ऑगस्ट २०२५ मध्ये असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स ऑफ इंडिया या रुग्णालयांच्या संघटनेने उत्तर भारतातल्या आपल्या सभासदांना कळवलं की, १ सप्टेंबरपासून बजाज अलायन्झच्या विमाधारकांना कॅशलेस सेवा देणं थांबवा. भांडण दरांवरून होतं. उपचारांचा खर्च वर्षाला सात-आठ टक्क्यांनी वाढतोय आणि कंपनी मात्र जुन्या करारातले दर वाढवायला तयार नाही, असं संघटनेचं म्हणणं होतं. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने विमा कंपन्यांच्या वतीने या पवित्र्यावर टीका केली. पॉलिसीधारकांना मात्र एकच काळजी लागली: ऐनवेळी दवाखान्यात पैसे भरावे लागणार का?

दरांची अशी भांडणं वर्तमानपत्रापर्यंत क्वचितच पोचतात. एरवी ती एका पत्रावर मिटतात, किंवा चिघळतात. रुग्णालयाचा व्यवस्थापक विमा कंपनीला किंवा तिच्या वतीने दावे पाहणाऱ्या टीपीएला लिहितो: आमचा करार अमुक तारखेला संपतो आहे, तो पुढे चालू ठेवावा आणि उपचारांचे दर सुधारून द्यावेत. आपल्याला बिलाच्या वेळी दिसणारे बरेच आकडे या पत्रव्यवहारात ठरलेले असतात.

आधी करार म्हणजे काय ते पाहू. रुग्णालय कंपनीच्या यादीत आलं, म्हणजे पॅनलवर आलं, की दोघांत एमओयू होतो. त्याला दरपत्रक जोडलेलं असतं: जनरल वॉर्डची खाट किती, आयसीयू किती, आणि अपेंडिक्स, हर्निया, मोतीबिंदू, सिझेरियन अशा ठरलेल्या शस्त्रक्रियांचं पॅकेज किती. पॅकेजमध्ये खोली, नर्सिंग, सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या असं सगळं एका आकड्यात येतं. त्याशिवाय रुग्णालयाने कंपनीला द्यायचा डिस्काउंट वेगळा लिहिलेला असतो. करार साधारण दोन-तीन वर्षांचा असतो आणि त्या काळात दर गोठलेले असतात. पॅकेजमध्ये आलेल्या गोष्टींसाठी रुग्णाकडून वर पैसे घ्यायचे नाहीत, असंही त्यात बहुतेक वेळा बजावलेलं असतं.

सरकारी कंपन्यांचं गणित थोडं निराळं आहे. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या चौघींनी २०१० पासून मोठ्या शहरांत मिळून पीपीएन नावाची यादी आणि सामायिक पॅकेजं आणली. तिथे एकट्या रुग्णालयाच्या पत्राला फारसा वाव उरत नाही. खासगी कंपन्यांशी मात्र प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्र बोलता येतं, आणि पत्राचा कस तिथे लागतो.

बरीचशी पत्रं एकाच वळणाची असतात: ‘महागाई लक्षात घेता सर्व दरांत २० टक्के वाढ द्यावी ही विनंती.’ असं पत्र वाचणाऱ्या कंपनीच्या माणसाला काहीच करता येत नाही. वाढ का द्यावी हे त्याला आपल्या वरिष्ठांना सांगता येत नाही, कारण पत्रात कारण नाही, नुसती टक्केवारी आहे. उत्तर येतं ‘विचाराधीन’, आणि तारीख उलटून जाते.

पत्राला वजन येतं ते एकेका शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला की. समजा, सांगली भागातलं ४० खाटांचं एक रुग्णालय आहे आणि पित्ताशयाच्या दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियेचं पॅकेज २०२२ च्या करारात ४५,००० रुपये ठरलंय, वर १० टक्के डिस्काउंट. (आकडे उदाहरणादाखल आहेत.) म्हणजे रुग्णालयाच्या हाती ४०,५०० येणार. तेव्हा खर्च ४०,००० होता, त्यामुळे जेमतेम का होईना, भागत होतं.

आता व्यवस्थापक २०२५ ची बिलं, पगारपत्रकं आणि औषध खरेदीच्या पावत्या घेऊन बसतो. सर्जनची फी ११,००० वरून १३,००० झाली आहे. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यांचे ३,५०० चे ४,५०० झाले. क्लिप, टाके, सलाइन, अँटिबायोटिक हा औषध-साहित्याचा खर्च ८,००० चा १०,५०० वर गेला. खाट आणि नर्सिंग ४,६०० वरून ६,०००, थिएटर ६,९०० वरून ८,०००. तपासण्या, पित्ताशयाची बायोप्सी, जैववैद्यकीय कचरा आणि ऑफिस यांचा मिळून हजारभर वाढला, तो ७,००० झाला. बेरीज ४९,०००. तीन वर्षांत साडेबावीस टक्के वाढ, आणि हाती येतात तेच ४०,५००. दर रुग्णामागे साडेआठ हजारांची खोट.

हा तक्ता पत्राला जोडला की बोलणं ‘द्या’ आणि ‘नाही’ यांच्या पुढे सरकतं. कंपनीचा माणूस विचारू शकतो की साहित्याचा खर्च इतका का वाढला, आणि व्यवस्थापक खरेदीची पावती दाखवू शकतो. ज्या ओळीला कागद नाही, ती ओळ तो काढून टाकेल. माझ्या मते असं तपासलं जाणं रुग्णालयाच्याही हिताचं आहे, कारण पुष्कळ लहान रुग्णालयांना आपल्याला एका शस्त्रक्रियेला खरोखर किती खर्च येतो हे असा तक्ता करेपर्यंत माहीत नसतं.

मात्र दरपत्रकातल्या शेकडो ओळींचा असा हिशेब मांडायची गरज नसते. गेल्या वर्षीचे त्या कंपनीचे सगळे दावे काढले की बहुतेक रक्कम आठ-दहा उपचारांतच अडकलेली दिसते. जाणता व्यवस्थापक तेवढ्यांसाठीच वाढ मागतो, ज्यांत अजून भागतं ते दर तसेच ठेवतो आणि तसं पत्रात लिहितो. ‘मोतीबिंदू व डे-केअरच्या दरांत आम्ही बदल मागत नाही’ हे एक वाक्य पूर्ण पत्राची विश्वासार्हता वाढवतं.

दरांच्या बोलणीत सगळ्यात जास्त फसगत होते ती डिस्काउंटपाशी. आपल्या उदाहरणात खर्च निघायला पॅकेज साधारण ५४,५०० हवं. १० टक्के वजा जाता ४९,०५० उरतात. आता कंपनी म्हणाली, ‘५३,००० देतो, पण डिस्काउंट १५ टक्के करा’, तर हाती ४५,०५० येतात. दुसरी म्हणाली, ‘५०,००० च देऊ, डिस्काउंट ८ टक्के’, तर ४६,००० येतात. लहान दिसणारा दर इथे जास्त पैसे देतो. तरीही ५३,००० चा आकडा पाहून खूश होऊन सही करणारे असतातच. म्हणून तक्त्यात शेवटचा रकाना ‘प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम’ असाच हवा.

यात पॉलिसीधारकाचा संबंध दोन्ही बाजूंनी येतो. दर वाढला की तीन लाखांच्या विम्यातून तेवढी जास्त रक्कम खर्ची पडते. पॉलिसीत को-पे असेल तर त्याचा खिशातून जाणारा वाटाही वाढतो, आणि कालांतराने हप्त्यावर परिणाम होतो. कंपन्या हात आखडता घेतात त्यामागे हे खरं कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दर खर्चाच्या खाली दाबून ठेवले तर रुग्णालय ती तूट कुठून तरी भरून काढतं. पॅकेजबाहेरच्या वस्तूंची यादी लांबते, लागली नसती अशी एखादी तपासणी जोडली जाते, नाहीतर ‘त्या कंपनीचं कॅशलेस आमच्याकडे नाही’ असं काउंटरवर सांगितलं जातं. यातलं काहीच रुग्णाने निवडलेलं नसतं. खर्चाच्या खालचा दर हा स्वस्त दर नव्हे. तो फक्त रुग्णाकडे ढकललेला दर आहे.

पत्राचा दुसरा भाग नूतनीकरणाचा. तो कंटाळवाणा दिसतो, पण कॅशलेस अचानक बंद पडतं ते बहुधा इथल्या ढिलाईमुळे. शुश्रूषागृह नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, अग्निसुरक्षेचे कागद, रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला रोहिणी क्रमांक, एनएबीएचचं प्रमाणपत्र, बँकेचा तपशील हे सगळं चालू तारखेचं लागतं. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त निसटतो तो ‘फॉर्म बी’. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचं हे प्रमाणपत्र. बाकी सगळं जागेवर आणि फॉर्म बी मागच्या जुलैचा, एवढ्यावर फाइल परत येते. कराराची तारीख त्या दरम्यान उलटली तर रुग्णालय पॅनलबाहेर जातं.

पॅनलबाहेर गेलं म्हणजे सगळं संपलं असं आता नाही. जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलच्या ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ योजनेत यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं. आधी ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास अगोदर आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावं लागतं. पण ठरलेलं दरपत्रक नसलं की प्रत्येक रुग्णामागे नव्याने घासाघीस होते. म्हणून पत्र करार संपायच्या तीन महिने आधी गेलेलं बरं. त्यात ‘नवा करार होईपर्यंत सध्याचा करार चालू राहावा’ ही ओळ नक्की हवी.

दुसरी ओळ तारखेची. सुधारित दर मंजूर झाले तरी ते कधीपासून लागू, यावर महिनोन्‌महिने वाद चालतात. रुग्ण २८ मार्चला दाखल झाला, २ एप्रिलला घरी गेला आणि नवे दर १ एप्रिलचे, तर कुठला दर? ‘दाखल होण्याच्या तारखेनुसार’ असं स्वच्छ लिहिलं की हा प्रश्न संपतो.

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे काम झालं, असं समजून फाइल मिटवणारा व्यवस्थापक पुढच्या तिमाहीत अडचणीत येतो. नवे दर टीपीएच्या संगणकात चढायला वेळ लागतो, तोवर दावे जुन्याच दराने मंजूर होतात. बिल ५४,५०० चं गेलेलं असतं, पैसे ४०,५०० येतात, आणि सेटलमेंट लेटरमध्ये कपातीचं कारण ‘ठरलेल्या दरानुसार’ एवढंच असतं. डिस्काउंट वजा करून ४९,०५० यायला हवे होते, म्हणजे ८,५५० कमी आले. हे ओळखायची खूण सोपी आहे: मंजुरीनंतरच्या पहिल्या पाच-सात दाव्यांत याच शस्त्रक्रियेसाठी दरवेळी नेमकी तेवढीच रक्कम कमी आलेली दिसते. तेव्हा त्या दाव्यांचे क्रमांक, मंजुरीपत्राची प्रत आणि प्रत्येकातला फरक एका कागदावर मांडून पुन्हा लिहावं लागतं. फरकाची रक्कम मागायची मुदतही करारातच दिलेली असते, आणि ती उलटली की हक्काचे पैसे बुडतात.