भांड्यात लाल रक्त दिसलं तर

शौचाला बसल्यावर शेवटी चार-पाच थेंब लालभडक रक्त पडतं. दुखत नाही, खुपत नाही, पोटातही काही होत नाही. बहुतेक घरांत यावर एकच निदान होतं : ‘उष्णता वाढली असेल, मिरची कमी करा.’ महिन्याभराने पुन्हा रक्त दिसलं की मूळव्याध म्हणून औषधाच्या दुकानातून मलम येतं. लाज एवढी, की नवऱ्याने बायकोलाही सांगितलेलं नसतं आणि सुनेने सासूला तर नाहीच.

हे घरगुती निदान बऱ्याचदा बरोबर निघतं, आणि धोका नेमका तिथेच आहे.

मूळव्याध म्हणजे बाहेरून चिकटलेला रोग नव्हे. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला प्रत्येकाला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. नळातल्या वॉशरसारख्या त्या जागा घट्ट मिटून ठेवतात, त्यामुळे वारा आणि पातळ मल अडतो. वर्षानुवर्षं कुंथण्याने, कडक मलाने किंवा गरोदरपणातल्या दाबाने त्यांना धरून ठेवणारा तंतूंचा आधार सैल पडतो. मग त्या फुगतात, खाली सरकतात आणि मल घासून जाताना सोलवटतात. आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात, म्हणून रक्त दुखण्याशिवाय येतं. ते ताजं लाल असतं, मलात मिसळलेलं नसतं. मलावर रेघ उमटते किंवा शौच झाल्यावर थेंब ठिबकतात. पुढे मोड बाहेर येऊ लागतो. सुरुवातीला तो आपोआप आत जातो, नंतर बोटाने ढकलावा लागतो.

काचेने कापल्यासारखं दुखत असेल आणि शौचानंतरही तासभर आग होत असेल, तर बहुधा ती मूळव्याध नसते, फिशर असतं, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. एका रात्रीत कडेला निळसर, टणक, ठसठसणारी गाठ आली असेल, तर बाहेरच्या मोडात रक्त साकळलेलं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदना असह्य असेल, तर शल्यचिकित्सक छोटा छेद देऊन ते काढू शकतात. त्यानंतर दुखणं ओसरू लागतं आणि गाठ हळूहळू जिरते.

आता दोन रुग्णांचं उदाहरण घेऊ. माणसं कल्पित आहेत, पण अशा जोड्या शल्यचिकित्सेच्या ओपीडीत नवीन नाहीत. पहिला रुग्ण चौतीस वर्षांचा, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा. शौचाला वीस मिनिटं, हातात मोबाइल. दुसरी बावन्न वर्षांची शिक्षिका. दोघांची तक्रार अक्षरशः एकच : अधूनमधून लाल रक्त, दुखत नाही. डॉक्टर दोघांना डाव्या कुशीवर झोपवतात, जेली लावून बोटाने तपासतात, मग प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीतून आत पाहतात. दोघांनाही फुगलेले मोड दिसतात.

पहिल्याचं हिमोग्लोबिन १४ आहे, वजन स्थिर आहे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला नाही. त्याला आहार, पाणी आणि इसबगोल सांगून सहा आठवड्यांनी बोलावतात. शिक्षिकेचं हिमोग्लोबिन ८.६ येतं. शिवाय विचारल्यावर ती सांगते, की दोन-तीन महिन्यांपासून शौचाला साफ होत नाही, जाऊन आलं तरी काही राहिल्यासारखं वाटतं. मोड डोळ्यांना दिसत असूनही तिला कोलोनोस्कोपी करायला सांगतात आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात गाठ सापडते. मूळव्याध खरी होती. रक्ताचा आणखी एक उगम मात्र वर होता.

या उदाहरणातली कळीची गोष्ट हिमोग्लोबिन आहे. रोज भरपूर रक्त जात असेल तर मूळव्याधीनेही रक्तक्षय होऊ शकतो, पण ते नेहमीचं नाही. म्हणून रक्तक्षय दिसला की तो मोडांच्या खात्यावर परस्पर टाकायचा नसतो, आतडं पाहून घ्यायचं असतं.

पहिल्या रुग्णाचे उपचार स्वस्त आहेत, पण ते नीट करावे लागतात. प्रौढाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मूग, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू यांतून बराचसा भाग भरून निघतो. मैद्याचा पाव आणि बिस्किटं यांतून नाही. उरलेल्यासाठी इसबगोलाचा भुसा : सुरुवातीला एक चहाचा चमचा, आठवड्याभराने दोन, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी पाणी. कोरडा तोंडात टाकला तर तो घशात फुगून अडकू शकतो, आणि पाणी कमी पडलं तर मल उलट घट्ट होतो. एकदम जास्त घेतला तर पोट फुगतं. लोक तिसऱ्या दिवशी सोडतात ते त्यामुळेच. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. २००५ साली सात चाचण्यांतल्या ३७८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा तंतू घेणाऱ्यांत रक्त येत राहण्याचा धोका सुमारे निम्मा आढळला. मात्र हा फायदा एका रात्रीत दिसत नाही, सहा आठवडे द्यावे लागतात. बाहेर लोंबणारा मोड तंतूंनी आत जात नाही. त्याला रबर बँड लावणं किंवा शस्त्रक्रिया असे उपाय लागतात.

सिट्झ बाथ म्हणजे कोमट पाण्यात कंबर बुडवून बसणं. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब औषधाच्या दुकानात मिळतो, नाहीतर रुंद घमेलं चालतं. पाणी मनगटाला सुखावेल इतकंच गरम, वेळ दहा ते पंधरा मिनिटं, शौचानंतर आणि दिवसातून दोन-तीनदा. त्यामुळे आवळलेला स्नायू सैल पडतो. दुखणं आणि खाज यांना आराम मिळतो, फिशरमध्ये तर विशेष. रक्त थांबवण्याचा हा उपाय नव्हे. पाण्यात डेटॉल किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकायची गरज नाही; सोललेली त्वचा त्याने भाजते. नंतर मऊ कापडाने टिपून घ्यावं, घासू नये. रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ छाप जाहिरातींपासून दूर राहावं. तिथे काय टोचतात ते कोणी सांगत नाही, आणि जागा आक्रसून शौचाचा मार्गच अरुंद झालेले रुग्ण पुढे शल्यचिकित्सकांकडे येतात.

आता तपासणी कधी टाळू नये. पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसलं, रक्त गडद किंवा मलात मिसळलेलं असलं, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली, वजन उतरलं, आव पडू लागली, किंवा आई-वडील, भावंडं यांच्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असला, तर मोड दिसो वा न दिसो, आतडं आतून पाहायला हवं. तरुणांनाही सवलत नाही. सहा आठवडे नीट उपचार करूनही रक्त थांबलं नाही, तर पुढची तपासणी करावीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. गोळी मनाने बंद करू नये.

डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच झालं, तर रक्त बहुधा जठरातून येत असतं. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो आणि बीटने लाल दिसतो, तेवढं आधी आठवून पाहावं. पण डांबरी मलासोबत घेरी येत असेल, धडधडत असेल, किंवा लाल रक्ताच्या गुठळ्या पडत राहत असतील, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावं.