एक मिलिमीटरहून लहान

१४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेच्या यू-२ विमानाने पश्चिम क्युबावरून काढलेले फोटो आता कोणालाही पाहता येतात. मी ते भिंगाखाली बराच वेळ न्याहाळले. मला झाडी, चिखलातल्या चाकोऱ्या आणि काही आडव्या रेघा, एवढंच दिसलं. खुणांचे बाण छापलेले नसते, तर माझी नजर त्यांवरून सरळ पुढे गेली असती.

वॉशिंग्टनमधल्या विश्लेषकांसमोर दुसऱ्या दिवशी फिल्म आली, तेव्हा तिच्यावर बाण नव्हते. प्रकाशाच्या टेबलावर ते एकाच जागेचे, थोड्या वेगळ्या कोनातून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवत आणि दुहेरी भिंगातून पाहत. मग सपाट चित्राला उंची येते, ताडपत्रीखालची वस्तू जमिनीवर उठून दिसते. त्यानंतर मोजमाप. विमान सुमारे २२ किलोमीटर उंचीवर, कॅमेऱ्याचं नाभीय अंतर सुमारे ९१ सेंटिमीटर. म्हणजे वीस मीटर लांबीची वस्तू फिल्मवर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. सावली किंचित चुकीची धरली, तर लांबी काही फुटांनी बदलते.

पण पश्चिम क्युबातल्या सान क्रिस्तोबालजवळचाच भाग का टिपला? ते खबऱ्यांमुळे. क्युबातून पळून आलेले शेकडो लोक क्षेपणास्त्रं पाहिल्याचं सांगत होते. त्यांतले बहुतेक विमानविरोधी क्षेपणास्त्रांबद्दल बोलत होते, आणि ती साधारण साडेदहा मीटरची असतात. म्हणून नेमका प्रश्न लांबीचा होता. सप्टेंबरमध्ये एका खबऱ्याने हवानात अतिशय लांब ट्रेलरांचा ताफा पाहिला. दुसऱ्याने पिनार देल रिओ प्रांतातल्या, कडक पहाऱ्यातल्या एका चौकोनी भागाची माहिती दिली. रेडिओ ऐकणाऱ्यांचा वाटा वेगळा होता: सोव्हिएत मालवाहू जहाजं बिनतारी संदेशांत माल कमी आणि बंदर भलतंच सांगत होती. लपवण्यासारखं काही येतंय, एवढं त्यातून कळलं. काय, ते कळलं नाही.

नाव मिळालं ते मॉस्कोतून. सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्यातले कर्नल ओलेग पेन्कोव्स्की यांनी एसएस-४ क्षेपणास्त्राची तांत्रिक पुस्तिका पोहोचवली होती. तळाची मांडणी कशी असते, इंधन भरायला किती वेळ लागतो, हे तिच्यातून समजलं. मॉस्कोच्या संचलनातल्या फोटोंशी लांबीही जुळली. १६ ऑक्टोबरला हे केनेडींसमोर गेलं.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मात्र न दिसलेलं. सप्टेंबरच्या १९ तारखेला अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी एकत्र अंदाज दिला होता की सोव्हिएत संघ अशी क्षेपणास्त्रं पाठवणार नाही, कारण आजवर त्याने तसं केलेलं नव्हतं. क्युबातले सोव्हिएत सैनिक सुमारे दहा हजार मानले गेले. प्रत्यक्षात चाळीस हजारांहून अधिक होते. आणि बेहुकालजवळचं अण्वस्त्रांचं कोठार फोटोंत स्पष्ट आलं होतं. विश्लेषकांनी ते पाहिलंही. पण अण्वस्त्रांभोवती असावा तसा भक्कम बंदोबस्त तिथे नव्हता, कुंपण एकेरी होतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.