‘गेलो’, ‘गेले’ आणि ‘गेली’ : क्रियापदातला बोलणारा

मराठीतले ‘मी’ हे सर्वनाम बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे सांगत नाही. ते काम क्रियापदाचा शेवट करतो. ‘मी जातो’ म्हणणारा पुरुष आणि ‘मी जाते’ म्हणणारी स्त्री, ‘मी गेलो’ म्हणणारा पुरुष आणि ‘मी गेले’ म्हणणारी स्त्री, हा भेद मराठी कानाला इतका सवयीचा आहे की तो वेगळा जाणवतही नाही. इंग्रजीत मात्र या दोघांसाठी ‘आय वेन्ट’ हे एकच वाक्य आहे. इंग्रजीची सर्वनामे व्यक्तीचे लिंग दाखवतात ती ‘ही’ आणि ‘शी’ या तृतीय पुरुषी एकवचनी रूपांत, म्हणजे बोलणारा दुसऱ्याविषयी बोलत असताना. तो स्वतःविषयी बोलू लागला की ती खूण नाहीशी होते. त्यामुळे मराठीतील आत्मकथन, साक्ष किंवा कविता इंग्रजीत नेताना अनुवादकाला क्रियापदातील ही माहिती कोठे ठेवायची, हे ठरवावे लागते.

त्याआधी ही माहिती मराठीत नेमकी कोठे असते, हे पाहिले पाहिजे, कारण ती सर्वत्र नसते. ‘मी जाईन’, ‘मी जात आहे’, ‘मी जाऊ का?’ या वाक्यांवरून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. भूतकाळात तर क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक यावर बरेच अवलंबून असते. ‘मी गेले’ हा कर्तरी प्रयोग आहे, म्हणजे येथे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ‘मी भाकरी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग आहे, म्हणजे येथे क्रियापद कर्माच्या, भाकरीच्या, मागे जाते आणि खाणारी व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, रूप तेच राहते. ‘विसरणे’, ‘शिकणे’ यांसारखी काही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालतात, म्हणून ‘मी धडा शिकलो’ आणि ‘मी धडा शिकले’ असा फरक उरतो.

अमरावती-अकोल्याकडच्या बोलण्यात या व्यवस्थेला आणखी एक पदर आहे. प्रमाण मराठीतील ‘मी गेले’, ‘मी आले’ या स्त्रीरूपांच्या जागी विदर्भात ‘मी गेली’, ‘मी आली’ ही रूपे सर्रास ऐकू येतात. प्रमाण भाषेतले ‘गेले’ हे ‘ते गेले’ या अनेकवचनातही येत असल्यामुळे एकटे पाहिले तर संदिग्ध असते. ‘मी गेली’ हे रूप त्या मानाने उघड स्त्रीचे आहे. मात्र याच उघडपणामुळे अनुवादकाची एक विशिष्ट चूक होऊ शकते. उदाहरणादाखल एखादी शेतमजूर स्त्री आपला दिवस असा सांगेल: ‘मी वावरात गेली, पऱ्हाटी निंदली, कापूस वेचला, मंग घरी आली.’ या वाक्यात चार क्रियापदे आहेत आणि त्यांपैकी बोलणारी व्यक्ती स्त्री आहे हे फक्त पहिले आणि चौथे सांगतात. ‘निंदली’ हे रूप ‘गेली’सारखेच दिसते, पण त्यातला ‘ली’ पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा आहे. ‘वेचला’ हे पुल्लिंगी रूप कापसामुळे आले आहे आणि त्यावरून बोलणारा पुरुष ठरत नाही. हीच कामे पुरुषाने सांगितली तर तोही ‘निंदली’ आणि ‘वेचला’ असेच म्हणेल. बदलतील ते फक्त ‘गेलो’ आणि ‘आलो’ हे दोन शब्द. म्हणून मूळ संहितेतून केवळ ‘मी पऱ्हाटी निंदली, कापूस वेचला’ एवढाच तुकडा उद्धृत झाला, तर त्या तुकड्याच्या आधारे बोलणाऱ्याला ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणणे हे अनुवादकाच्या पदरचे विधान ठरते.

अशा मुलाखतीत किंवा साक्षीत इंग्रजीची अडचण फारशी मोठी नसते, कारण निवेदकाच्या ‘शी सेड’ या दोन शब्दांत हरवलेली खूण परत मिळते. खरी अडचण येते ती ‘मी’च्या बाहेर कोणी निवेदकच नसतो तेथे, म्हणजे कवितेत. अमरावतीत 1932 साली जन्मलेल्या सुरेश भटांचे, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले ‘मी मज हरपून बसले ग’ हे गीत या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कवी पुरुष आहे, पण गीतातील ‘मी’ स्त्री आहे, आणि ते शीर्षकातल्या ‘बसले’ या एका रूपावरून ठरते. ‘मी स्वतःला हरवले’ असे साधे वाक्य असते, तर ते भावे प्रयोगात गेले असते, म्हणजे क्रियापद कर्त्याकडेही पाहत नाही आणि कर्माकडेही, आणि बोलणाऱ्याचे लिंग झाकलेलेच राहिले असते. ‘बसणे’ हे अकर्मक सहायक क्रियापद जोडल्याबरोबर वाक्य कर्तरी होते आणि ‘बसलो’ की ‘बसले’ ही निवड करावीच लागते. हेच ‘बसणे’ आणखी एक अर्थ देते: न ठरवता घडून गेलेली आणि आता परत न फिरवता येणारी गोष्ट. शेवटचा ‘ग’ ऐकणारीही स्त्रीच आहे असे सांगतो.

हे शीर्षक इंग्रजीत ‘आय हॅव लॉस्ट मायसेल्फ’ असे झाले की ‘बसले’मधली स्त्री आणि ‘ग’मधली मैत्रीण या दोन्ही गोष्टी गळतात, आणि मुखपृष्ठावर पुरुषाचे नाव वाचलेला वाचक तो ‘आय’ कवीचाच समजतो. येथे ‘मी, एक स्त्री’ असे शब्द घुसडणे हा उपाय नव्हे, कारण मराठीत सहज, न बोलता आलेली गोष्ट त्यामुळे मोठ्याने जाहीर होते. त्यापेक्षा ‘ग’च्या जागी ‘सखी’सारखे संबोधन ठेवणे, किंवा गीताच्या माथ्यावर बोलणारी कोण हे एका ओळीत सांगणे, हे उपाय मूळ रचनेला कमी दुखावतात.

कवीचे लिंग आणि क्रियापदाचे लिंग वेगळे असणे ही वऱ्हाडाला नवी गोष्ट नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे 1881 साली जन्मलेले आणि 1915 साली निवर्तलेले अंध संत गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि मधुराभक्तीत कृष्णाची पत्नी या भावनेने कुंकू व मंगळसूत्र धारण करीत. अशा भक्ताच्या वाणीत स्त्रीलिंगी क्रियापद आले, तर ते लेखनदोष समजून दुरुस्त करणे म्हणजे त्याची उपासनाच पुसून टाकणे होय. क्रियापदाचा शेवट सांगतो ते लिंग वाक्यात बोलणाऱ्या ‘मी’चे असते, लेखणी धरणाऱ्या देहाचे नव्हे.

म्हणून अनुवादकाने पहिल्या वाचनातच प्रत्येक ‘मी’पुढचे क्रियापद तपासून कोणते रूप कर्त्याचे आहे आणि कोणते कर्माचे, याची नोंद करावी. जेथे मराठीने बोलणाऱ्याची ओळख दिली आहे, तेथे ती इंग्रजीत कोठेतरी पोचलीच पाहिजे. आणि जेथे ‘मी जाईन’ किंवा ‘मी कापूस वेचला’ म्हणून मराठी स्वतःच गप्प राहिली आहे, तेथे इंग्रजीनेही गप्प राहावे.