एका हायड्रॉक्सिल गटाच्या तीन जागा

गजकर्णावर लावायचं व्हिटफिल्ड मलम हे त्वचारोगांवरच्या जुन्या औषधांपैकी एक. त्यात 6 टक्के बेंझोइक आम्ल आणि 3 टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. पहिलं बुरशीची वाढ रोखतं, दुसरं त्वचेचा वरचा जाड, मृत थर सोडवतं. दोन्ही पांढरे, स्फटिकी पदार्थ. दोघांच्या रेणूंत फरक आहे तो एका ऑक्सिजन अणूचा: बेंझोइक आम्लाच्या कड्यावर एके ठिकाणी नुसता हायड्रोजन असतो, सॅलिसिलिक आम्लात तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून झालेला हायड्रॉक्सिल गट असतो. एवढ्याशा बदलाने सॅलिसिलिक आम्ल सुमारे 17 पट तीव्र होतं.

आता तोच हायड्रॉक्सिल गट उचलून कड्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यावर ठेवला, तर मिळणारं आम्ल बेंझोइकपेक्षाही सौम्य निघतं. गट तोच, कडं तेच, फक्त जागा बदलली. मग हा गट आम्लता वाढवतो की कमी करतो? गटाचं नाव सांगून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, त्याची जागाही सांगावी लागते.

बेंझोइक आम्लाचा रेणू म्हणजे सहा कार्बन अणूंचं सपाट कडं आणि त्याच्या एका कोपऱ्याला जोडलेला कार्बोक्झिल गट. आम्लपणा या कार्बोक्झिल गटात असतो. पाण्यात तो आपला हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपाने सोडतो आणि स्वतःवर ऋण प्रभार घेऊन मागे उरतो. हा उरलेला आयन जितका स्थिर, तितका प्रोटॉन सहज सुटतो आणि आम्ल तितकं तीव्र. ही तीव्रता पीकेए या आकड्याने मोजतात. आकडा लहान तेवढं आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. बेंझोइक आम्लाचा पीकेए 4.20 आहे, सॅलिसिलिक आम्लाचा 2.97. एक लिटर पाण्यात यांचा शंभरांश मोल, म्हणजे सव्वा ते दीड ग्रॅमच्या आसपास, विरघळवला तर बेंझोइकच्या शंभर रेणूंपैकी साधारण 8 रेणू प्रोटॉन सोडतात, सॅलिसिलिकचे 28.

कड्यावर बसलेला दुसरा गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढत असेल, तर आयनवरचा ऋण प्रभार थोडा विरळ होतो. आयन स्थिरावतो, आम्लता वाढते. नायट्रो गट हे याचं ठळक उदाहरण. तो समोरच्या, म्हणजे पॅरा जागी असला की पीकेए 3.44 वर येतो. उलट, इलेक्ट्रॉन देणारा गट आधीच ऋण असलेल्या आयनवर आणखी भार टाकतो आणि आम्लता घटते. मेथॉक्सी गट पॅरा जागी बसवला की पीकेए 4.47 वर चढतो. इथवर गणित सरळ आहे.

हायड्रॉक्सिल गटाचं तसं नाही, कारण तो दोन्ही कामं एकाच वेळी करतो. त्यातल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनांची ओढ असते, म्हणून तो बंधांमधून त्यांना आपल्याकडे खेचतो. पण त्याच ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्याही असतात, आणि त्यांतली एक तो कड्याच्या इलेक्ट्रॉन-ढगात मिसळू देतो. या मिसळण्याला संस्पंदन म्हणतात. ओढणं अंतरानुसार हळूहळू कमी होत जातं. देणं मात्र कड्यावरच्या ठरावीक जागांवरच पोचतं: शेजारच्या दोन कोपऱ्यांवर आणि समोरच्या कोपऱ्यावर.

म्हणून हायड्रॉक्सिल समोर, पॅरा जागी असला की त्याचं देणं थेट कार्बोक्झिल गट जोडलेल्या कोपऱ्यावर येऊन पडतं. अंतर जास्त असल्याने ओढणं तिथे दुबळं असतं. देण्याची बाजू जिंकते आणि पीकेए 4.58 होतो. एक कोपरा सोडून, म्हणजे मेटा जागी, तो बसला तर देणं कार्बोक्झिलच्या कोपऱ्यावर पोचतच नाही. मागे उरतं ते ओढणं. पीकेए 4.08, म्हणजे बेंझोइकपेक्षा किंचित तीव्र. ‘हायड्रॉक्सिल हा इलेक्ट्रॉन देणारा गट’ असं घोकलेला विद्यार्थी नेमका या मेटा आम्लापाशी अडखळतो, आणि त्यात त्याचा दोष फार थोडा. गटांची यादी जागेचा उल्लेख न करता पाठ करायला लावणं हीच शिकवण्यातली खरी उणीव आहे.

मग अगदी शेजारची, ऑर्थो जागा. तिथूनही देणं कार्बोक्झिलच्या कोपऱ्यावर पोचतं, त्यामुळे आम्लता घटायला हवी. प्रत्यक्षात ती इतकी वाढते की ऑर्थो आम्ल पॅरा आम्लाच्या 40 पट तीव्र ठरतं. नुसत्या ओढण्या-देण्याच्या हिशेबात हा आकडा बसत नाही. शेजारधर्माची वेगळी कारणं इथे सुरू होतात.

सॅलिसिलिक आम्लात ते कारण हायड्रोजन बंधाचं आहे. प्रोटॉन सुटल्यावर कार्बोक्झिलच्या ऑक्सिजनवर ऋण प्रभार येतो, आणि त्याला लागूनच हायड्रॉक्सिलचा किंचित धन हायड्रोजन असतो. दोघांमध्ये सहा अणूंची छोटी बंदिस्त रचना तयार होते आणि आयन स्वतःच्याच रेणूतून आधार मिळवतो. मूळ आम्लातही असा बंध असतो, पण तिथे ऋण प्रभार नसल्यामुळे तो बराच कमजोर. आधार आयनला जास्त मिळतो, म्हणून तोल आयनच्या बाजूला झुकतो.

हे स्पष्टीकरण पटवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांकडे एक सुरेख पुरावा आहे. हायड्रॉक्सिलच्या हायड्रोजनच्या जागी मिथिल बसवून त्याचा मेथॉक्सी गट करायचा. ऑक्सिजन तिथेच राहतो, त्याचं ओढणं-देणंही फारसं बदलत नाही. जातो तो फक्त बंध करणारा हायड्रोजन. तेवढ्याने ऑर्थो आम्लाचा पीकेए 2.97 वरून 4.09 वर उडी मारतो. मेटा जागी हीच अदलाबदल केली तर आकडा जवळजवळ जागचा हलत नाही: 4.08 चा 4.09.

दुसरा पुरावा उलट्या दिशेने येतो. सॅलिसिलिक आम्लाचा पहिला प्रोटॉन सहज सुटतो, पण हायड्रॉक्सिलवरचा दुसरा निघता निघत नाही. साध्या फिनॉलमध्ये हायड्रॉक्सिलचा पीकेए 10 च्या आसपास असतो, सॅलिसिलेट आयनमध्ये तो 13 च्याही वर जातो. शेजारच्या ऋण प्रभाराने तो हायड्रोजन घट्ट धरून ठेवलेला असतो. आणि कार्बोक्झिलच्या दोन्ही बाजूंना हायड्रॉक्सिल बसवले, तर दोन बंधांचा आधार मिळून पहिल्या प्रोटॉनचा पीकेए 1.3 च्या जवळ उतरतो.

तरीही ऑर्थो परिणाम म्हणजे हायड्रोजन बंध, असं समजणं चुकीचं ठरेल. मिथिल गटाकडे पाहिलं की हे लक्षात येतं. मिथिल असा बंध करू शकत नाही, आणि तो सौम्यपणे इलेक्ट्रॉन देणारा आहे. पॅरा जागी त्याने पीकेए 4.37 होतो, मेटा जागी 4.27, दोन्ही आम्लं बेंझोइकपेक्षा सौम्य, अपेक्षेप्रमाणे. ऑर्थो जागी मात्र 3.91. इलेक्ट्रॉन देणारा गट जवळ आला आणि आम्ल तीव्र झालं!

इथे प्रश्न जागेच्या अडचणीचा आहे. मोकळ्या बेंझोइक आम्लात कार्बोक्झिल गट कड्याच्याच पातळीत सपाट राहतो. त्यामुळे कड्याचे इलेक्ट्रॉन त्याच्यात काहीसे मिसळतात आणि प्रोटॉन न सोडलेल्या आम्लाला स्थैर्य देतात. शेजारी मिथिल आला की सपाट राहायला जागा पुरत नाही, आणि बिजागरीवर अर्धवट उघडलेल्या दाराप्रमाणे कार्बोक्झिल गट पातळीबाहेर वळतो. कड्याशी होणारी मिसळण तुटते. याचं नुकसान आम्लाला जास्त होतं, आयनला कमी, कारण आयनचा प्रभार त्याच्याच दोन ऑक्सिजन अणूंमध्ये वाटलेला असतो आणि त्याला कड्याकडून इलेक्ट्रॉन घेण्याची तेवढी गरज नसते. आम्लाचं स्थैर्य गेलं की प्रोटॉन सोडणं सोपं होतं. दोन्ही शेजारच्या जागांवर मिथिल बसवले की पीकेए आणखी खाली, 3.3 च्या आसपास जातो.

नायट्रो गटाच्या बाबतीत दोन कारणं एकत्र येतात. तो ओढणाराही आहे आणि जागा अडवणाराही, शिवाय ऑर्थो जागी त्याचं ओढणं अगदी जवळून होतं. ऑर्थो-नायट्रोबेंझोइक आम्लाचा पीकेए 2.17 आहे, म्हणजे पॅरा भावंडाच्या जवळपास 19 पट तीव्र. त्यातला किती वाटा ओढण्याचा आणि किती वळण्याचा, हे एका आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. त्यात पाण्याचे रेणू त्या अडचणीच्या जागेत आयनभोवती कसे जमतात, याचाही भाग असतो. ‘ऑर्थो परिणाम’ हे एका कारणाचं नाव नसून शेजारामुळे घडणाऱ्या अनेक गोष्टींची मोट आहे.

कोलंबिया विद्यापीठातल्या लुई हॅमेट यांनी 1937 मध्ये यातला नियमित भाग वेगळा काढला. बेंझोइक आम्लाच्या पीकेएमधून गट बसवलेल्या आम्लाचा पीकेए वजा करायचा. पाण्यात, 25 अंश सेल्सिअसला मिळालेला हा फरक त्या गटाचा त्या जागेचा स्थिरांक. त्याला सिग्मा म्हणतात. पॅरा नायट्रोचा सिग्मा 0.78, पॅरा मेथॉक्सीचा उणे 0.27, आणि तोच मेथॉक्सी मेटा जागी गेला की अधिक 0.12. आम्लांवरून काढलेले हे आकडे दुसऱ्या अभिक्रियांनाही लागू पडतात. उदाहरणार्थ, अल्कलीत इथिल बेंझोएटचं विघटन पॅरा नायट्रो गटामुळे सुमारे शंभर पट वेगाने होतं, आणि सिग्मावरून तो अंदाज आधीच बांधता येतो. हॅमेट यांनी हे समीकरण मेटा आणि पॅरा गटांपुरतंच ठेवलं. ऑर्थो गट त्यात बसत नव्हते, कारण शेजारची अडचण प्रत्येक अभिक्रियेत निराळी असते. एका अभिक्रियेत काढलेला आकडा दुसरीत चालत नाही.

हे आकडे प्रयोगशाळेत स्वतः काढतानाही तीव्र ऑर्थो आम्लं चकवतात. नेहमीची पद्धत अशी: आम्लाच्या द्रावणात कॉस्टिक सोडा घालत जायचा आणि निम्मं आम्ल उदासीन झालं की पीएच मीटरवर जो आकडा दिसेल तो पीकेए मानायचा. शंभरांश मोलर बेंझोइक आम्लाला हे छान लागू पडतं, मीटर 4.2 दाखवतो. तेवढ्याच सॅलिसिलिक आम्लाला मीटर 3.1 च्या आसपास थांबतो आणि 2.97 येतच नाही. मीटर बिघडलेला नसतो. तीव्र आम्लाचे उरलेले रेणूही आपणहून बरेच प्रोटॉन सोडतात, त्यामुळे आम्ल आणि आयन यांचं प्रमाण निम्मं-निम्मं राहिलेलं नसतं. मीटरवरून मिळालेलं प्रोटॉनांचं प्रमाण आयनच्या बाजूला मिळवायचं आणि आम्लाच्या बाजूतून वजा करायचं. एवढी दुरुस्ती केली की उत्तर 3 च्या जवळ येतं.