नाव खोडलं, तरी आजी ओळखू आल्या

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं देशभर गेली. लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडत होतं. पाण्याचे, रक्ताचे नमुने घेतले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा आजारात रुग्णाला आपलं नाव चार लोकांत नको असतं, आणि संशोधकाला नोंदी तर हव्याच असतात.

समजा, दीड हजार वस्तीच्या गावातल्या एका आजींचा केस पेपर आहे: नाव, मोबाइल, गाव, वय ६७, तपासणी ३ जानेवारी, केसगळती, मधुमेह.

नावाच्या जागी ‘श-०१७’ लिहिलं आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी कपाटात कुलूपबंद ठेवली, तर ते छद्मनामीकरण. ते हवंच, कारण महिन्याने रक्ताचा अहवाल आला की तो याच आजींना सांगायचा असतो. पण यादी आहे तोवर परतीची वाट उघडी आहे.

नाव, मोबाइल, आधार, घर क्रमांक काढून टाकणं म्हणजे डी-आयडेंटिफिकेशन, ओळखीच्या खुणा पुसण्याचं काम. ते थोडं होतं किंवा पुष्कळ. आपल्या नोंदीत गाव, वय, तारीख शिल्लकच आहे. त्या गावात ६७ वर्षांच्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली ३ तारखेला दवाखान्यात कोण गेली, हे आशाताई क्षणात सांगतील.

अमेरिकेत लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने १९९७ साली हेच दाखवलं, आणि तो किस्सा मला फार आवडतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावं काढून संशोधनाला दिल्या होत्या. स्वीनींनी वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि पिनकोड, जन्मतारीख, लिंग जुळवलं. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये एकटे तेच!

अनामिकीकरण झालं असं केव्हा म्हणायचं? खुद्द रुग्णालयालाही आजींपर्यंत परत जाता येणार नाही, तेव्हा. यादी नष्ट करायची, मूळ केस पेपराशी जुळेल असं काही ठेवायचं नाही, वय ‘६० ते ६९’, गावाऐवजी तालुका, तारखेऐवजी महिना लिहायचा. मग हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या ओळी मोजायच्या. पाचांपेक्षा कमी निघाल्या तर गट आणखी मोठा करायचा किंवा ती ओळच गाळायची. तरीही एक फट राहते: गटातल्या पाचही जणींना मधुमेह असेल, तर आजी त्या गटात आहेत एवढं कळणं पुरेसं.

आणि याची किंमत मोजावी लागते. गव्हाचा संशय तपासायचा तर कोणत्या गावात, कोणत्या रेशन दुकानाचा गहू खाल्ल्यावर केस गेले, हे लागतं. तालुका-महिन्याच्या तक्त्यात तेच पुसलेलं असतं. म्हणून शोध घेणाऱ्यांनी छद्मनामी नोंदी कुलपात ठेवून वापराव्यात आणि वर्तमानपत्राला तालुक्याचा तक्ता द्यावा.