प्रतिताट ३२०, किमान ४० पानं

‘वास्तुशांत, बारसं, डोहाळजेवण आणि घरगुती समारंभासाठी शुद्ध शाकाहारी जेवण. प्रतिताट ३२० रुपये, किमान ४० पानं.’ केटररच्या मेनूखाली अशी एक ओळ असते. वाचणाऱ्याची नजर आधी ३२०वर जाते आणि किमान पानांचा आकडा बारीक अक्षरातली अट म्हणून सुटून जातो. खरं तर पहिला आकडा दुसऱ्यावर उभा असतो. पानं किती, हे ठरल्याशिवाय ताटाचा दर ठरतच नाही.

याचं कारण केटररच्या खर्चात आहे. काही खर्च पानागणिक वाढतो: तांदूळ, डाळ, कणीक, भाजी, तेल, श्रीखंड. काही खर्च मात्र वीस माणसं जेवली काय नि पन्नास जेवली काय, तेवढाच राहतो. आचारी एकच लागतो, टेम्पोची फेरी एकच होते, शेगडी आणि सिलिंडर तेच असतात. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येतो. आचाऱ्याचे १,५००, मदतनिसाचे ७००, दोन वाढप्यांचे १,४००, टेम्पोचे १,२०० आणि भांडी-गॅसचे ७०० धरले, तर कढई चढण्याआधीच ५,५०० रुपये लागले. शिधा पानामागे १४० रुपये धरू. ३२०च्या दरातून तो वजा केला की प्रत्येक पानामागे १८० रुपये उरतात आणि त्यातून ते ५,५०० भरून काढायचे असतात. तीस पानांवर केटररच्या खिशातले शंभर रुपये जातात. एकतिसाव्या पानाला खर्च जेमतेम निघतो. चाळीस पानांवर हातात १,७०० उरतात, आणि दिवसभराच्या कामाचे ते फार नाहीत. म्हणून अट चाळीसची. साठ पानं झाली, तर तिसरा वाढपी घेऊनही ४,६०० उरतात. अशा वेळी यजमानाने दर थोडा कमी करून मागितला, तर ते रास्तच ठरतं.

माणसं अठ्ठावीसच असतील तर? किमान पानांची अट लागू झाली की चाळीस पानांचे १२,८०० द्यावे लागतात आणि प्रत्यक्ष जेवणाऱ्यामागे ताट साडेचारशेच्या वर जातं. बारा पानांचं जास्तीचं अन्न घरी राहतं, तेही बऱ्याचदा ठेवायला डबे नसतात. छोट्या कार्यासाठी अनेक केटरर दुसरी सोय देतात: जेवण घरपोच, वाढपी नाहीत, किमान पंधरा-वीस पानं. वाढपी आणि जेवणाची भांडी वाचल्यामुळे हा दर कमी पडतो. तो २५० असेल, तर अठ्ठावीस माणसांचं जेवण ७,००० रुपयांत होतं. वाढायला घरची चार माणसं मात्र हवीत. मेनूखाली दोन्ही दर आणि दोन्ही किमान संख्या शेजारी-शेजारी लिहिलेल्या असल्या, की गिऱ्हाइकाला फोन करण्याआधीच आपलं कार्य कशात बसतं ते कळतं.

वास्तुशांतीच्या जेवणाच्या काही खास अडचणी आहेत. कार्यालयात पाणी आणि भटारखाना तयार असतो, नव्या घरात यातलं काहीच धरून चालता येत नाही. गॅसची जोडणी झालेली नसते, सोसायटी गच्चीवर शेगडी लावू देत नाही, आणि लिफ्ट सुरू झाली नसेल तर चौथ्या मजल्यावर भाताचं पातेलं चढवायला दोन माणसं लागतात. म्हणून ‘जागेवर पुऱ्या तळून’ हे तीन शब्द छापण्याआधी केटररने जागा विचारून घ्यावी. तळायला जागा नसेल, तर पुरीऐवजी पोळी किंवा नुसता मसालेभात चांगला. दोन तास झाकून ठेवलेली पुरी चिवट होते आणि पानात तशीच राहते.

दुसरी अडचण वेळेची. होम, पूर्णाहुती, मग नैवेद्य आणि त्यानंतर पान. गुरुजींनी साडेबारा सांगितलेले असतात आणि नैवेद्य दीडला दाखवला जातो. पुढे पाहुणेही एकदम येत नाहीत. घर बघायला माणसं तीन-साडेतीनपर्यंत येत राहतात. तोपर्यंत वरण-भात वाफाळताच राहायला हवा आणि श्रीखंड-मठ्ठा गारच. कोमट झालेलं शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात दोन तासांपलीकडे ठेवणं धोक्याचं असतं. वरणाच्या झाकणाखालून वाफ येणं थांबलं असेल, तर ते पुन्हा उकळूनच वाढायला हवं. वाढपी किती वाजेपर्यंत थांबणार, हे मेनूखालीच लिहिलेलं बरं. ‘जेवणाची वेळ १२ ते ३, पुढे तासाला वेगळा आकार’ एवढं पुरतं. नैवेद्य असल्यामुळे बहुतेक घरांना कांदा-लसूण चालत नाही, म्हणून तेही आधीच लिहावं.

वाद बहुधा दोन ठिकाणी होतात. पहिला गोडावरून. मेनूत नुसतं ‘श्रीखंड’ लिहिलं, की यजमान हवं तेवढं समजतो आणि केटरर माणशी शंभर ग्रॅम धरून चार किलो आणतो. वाढताना दीडशे ग्रॅम पडू लागलं, तर सहा किलो लागतं. किलोला २८० धरले, तर वरच्या दोन किलोंचे ५६० रुपये त्या उरलेल्या १,७००तून जातात. मग वाढपी हात आखडता घेतो आणि पाहुण्यांना ते लगेच जाणवतं. ‘श्रीखंड एक वाटी’ किंवा ‘श्रीखंड आग्रहाने’, यातलं जे असेल ते स्पष्ट लिहावं आणि दर त्याप्रमाणे लावावा.

दुसरा वाद पानांच्या मोजणीवरून. बुफेत ताटं मोजून आणायची आणि शेवटी न वापरलेली मोजून वजा करायची, ही सरळ रीत. शंभर आणली, अठ्ठावन्न कोरी उरली, म्हणजे बेचाळीस पानं झाली. ही मोजणी यजमानाच्या घरातल्या एकासमोर व्हावी, नंतर फोनवर नव्हे. पाहुण्याने दुसरं ताट उचललं तर ते धरायचं का, लहान मुलांचं अर्धं पान कोणत्या वयापर्यंत, गुरुजींचं आणि नैवेद्याचं पान मोजायचं का, हे आधी ठरलेलं असावं. अंतिम आकडा दोन दिवस आधी घेतला जातो, कारण भाजीबाजार आदल्या दिवशी होतो. त्यापेक्षा माणसं कमी आली तरी सांगितलेल्या पानांचेच पैसे लागतात.

दरात कराचा उल्लेखही हवा. जीएसटीची नोंदणी असलेला केटरर जेवणावर सहसा ५ टक्के लावतो, म्हणजे ३२०चं ताट ३३६ला पडतं. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही खाली असावा.

हे सगळं धरून मेनूखालचा मजकूर असा होतो: ‘वास्तुशांत व घरगुती समारंभ. कांदा-लसूणविरहित जेवण. मसालेभात, साधं वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, श्रीखंड एक वाटी. वाढप्यांसह प्रतिताट ३२० रुपये, किमान ४० पानं. घरपोच, वाढप्यांशिवाय २५० रुपये, किमान २० पानं. कर वेगळा. दहा वर्षांखालील मुलांचं अर्धं पान. जेवणाची वेळ १२ ते ३. अंतिम आकडा दोन दिवस आधी.’