शब्दाला सव्वा रुपया, पण तासाला किती?

वर्षाची बिले ७,५०,००० रुपयांची आणि त्यासाठी लागलेले तास २,४८०. भागाकार केला तर तासाला ३०२ रुपये पडतात. पुण्यात घरी बसून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्या एका व्यावसायिकाचा २०२४-२५ चा हा हिशेब आहे. उदाहरण समजावण्यासाठी बेतलेले आहे, पण त्यातली प्रमाणे या धंद्यातल्या कुणालाही ओळखीची वाटतील. हे ३०२ रुपये प्रत्यक्षात जवळपास कुठलाच ग्राहक देत नाही. कुणी पाचशे देतो, कुणी एकशेवीस.

| ग्राहक | बिले (रु.) | अनुवादाचे तास | वरकामाचे तास | तासाला (रु.) |
|---|---|---|---|---|
| अनुवाद एजन्सी | ३,००,००० | ८०० | २०० | ३०० |
| औषध चाचण्यांची कागदपत्रे | २,१०,००० | ३५० | ७० | ५०० |
| जाहिरात कंपनी | १,२०,००० | १२० | ३६० | २५० |
| स्वयंसेवी संस्था | ७२,००० | १६० | २० | ४०० |
| प्रकाशक | ४८,००० | ३२० | ८० | १२० |

रकमेचा रकाना भरताना बँकेचे पासबुक घेऊन बसू नये. तिथे टीडीएस कापून उरलेली रक्कम दिसते, आणि ही कपात सगळीकडे सारखी नसते. अनुवादाला कुणी व्यावसायिक सेवा मानून १० टक्के कापतो, तर कुणी कंत्राट धरून १ टक्का. त्यामुळे दोन ग्राहकांची तुलना सुरुवातीलाच वाकडी होते. कापलेला कर शेवटी आपल्याच नावावर जमा असतो, म्हणून आधार बिलांचा घ्यावा आणि तो फॉर्म २६एएसशी ताडून पाहावा. त्यात कर कापणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे कपातीआधीची रक्कम असते. मार्चचे बिल ग्राहकाने एप्रिलमध्ये नोंदवले असेल, तर ते पुढच्या वर्षात गेलेले दिसेल. फरक आढळला की आधी तिथे बघायचे.

तासांचा रकाना खरा अवघड. अनुवादाचे तास फायलींच्या तारखा-वेळांवरून आणि आपल्या नेहमीच्या वेगावरून बऱ्यापैकी काढता येतात. वरकाम मात्र आठवणीत राहत नाही. फोन, ‘हा शब्द जरा बदलून द्या’, पोर्टलवर फाइल चढवणे, बिल करणे, पैशांची आठवण देणे, हे सगळे त्यात येते. इथे ते ७३० तास भरले, म्हणजे एकूण वेळेच्या २९ टक्के. मागच्या वर्षाची नोंद नसेल, तर आता चार आठवडे दर पाव तासाला एका वहीत ग्राहकाचे नाव लिहावे. त्या चार आठवड्यांतले वरकामाचे प्रमाण ग्राहकागणिक मागच्या वर्षाला लावता येते. दिवाळीचे आठवडे मात्र नमुन्यात घेऊ नयेत. जाहिरातवाल्यांचा तो हंगाम असतो आणि त्यांचा आकडा उगाच फुगतो.

जाहिरात कंपनीची ओळ सगळ्यात शिकवणारी आहे. नुसत्या लेखनाचे तास धरले तर हा ग्राहक तासाला १,००० रुपये देतो, म्हणजे पाचांत पहिला. वरकाम मिळवले की तो २५० वर, शेवटून दुसरा. चार ओळींचा मजकूर तासाभरात होतो, पण मग कंपनीतला एक, तिच्या ग्राहकाकडचे दोन आणि कुणाचे तरी मराठी येणारे मामा अशा सगळ्यांची मते फोनवर ऐकावी लागतात. हाच ग्राहक पैसे तीन महिने उशिरा देतो आणि खरा राग त्याचाच असतो. पण आकडा काढून पाहा: १,२०,००० रुपयांवर १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचे व्याज ३,६०० रुपये होते. ४८० तासांवर वाटले तर तासाला साडेसात रुपये. म्हणजे उशीर चीड आणतो, पण पोखरतात त्या दुरुस्त्या. म्हणून या ग्राहकाला सोडण्याआधी अट घालून पाहावी. दोन फेऱ्यांपर्यंतच्या दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून तासाचे वेगळे पैसे. त्याने वरकाम ३६० वरून १६० तासांवर आले, तर तेवढ्याच बिलात तासाला ४२९ रुपये पडतात.

एजन्सीची ओळ पाहून वाटते की इथे करण्यासारखे काही नाही. उत्पन्नाचा ४० टक्के वाटा तिचा आहे, तासही तेवढेच आणि दर सरासरीइतका. पण ग्राहक हा एकच ढीग नसतो. वर्षभरात तिच्याकडून ४०० कामे आली आणि त्यांतली १५० अगदी छोटी होती, सरासरी १०० शब्दांची. शब्दाला सव्वा रुपयाने अशा कामाचे १२५ रुपये होतात. अनुवादाला वीस मिनिटे लागतात, पण फाइल उतरवणे, चढवणे आणि बिलात ओळ घालणे याला अर्धा तास जातो, मग काम १०० शब्दांचे असो की हजाराचे. पन्नास मिनिटांचे १२५, म्हणजे तासाला १५०. ही १५० कामे मिळून १२५ तास खातात आणि १८,७५० रुपये देतात. ती वगळली तर उरलेले एजन्सीचे काम तासाला ३२१ रुपयांचे आहे. सोडायची ती ही छोटी कामे, एजन्सी नव्हे. दर कामाला किमान २५० रुपये ही अट मान्य झाली तर छोटी कामेही ३०० वर येतात, नाही झाली तर ती आपोआप दुसरीकडे जातात.

प्रकाशकाचे काय? ८०,००० शब्दांचे पुस्तक, शब्दाला ६० पैसे, तासाला १२० रुपये. संगणक, इंटरनेट, वीज असा वर्षाचा ९०,००० रुपये खर्च तासांवर वाटला तर त्यातले ३६ रुपये आणखी जातात. इथे विचारायचे ते असे की सुटलेल्या ४०० तासांपैकी किती तास दुसऱ्या कामाने भरले म्हणजे नुकसान होणार नाही? औषध चाचण्यांच्या दराने फक्त ९६, स्वयंसेवी संस्थेच्या दराने १२०. तीस टक्के तास भरले तरी पुरे. पण तेवढे काम यायला हवे. चाचणीत सहभागी होणाऱ्यांसाठीच्या संमतीपत्रांचे काम मागितले म्हणून वाढत नाही. चाचण्या कधी सुरू होतात आणि नीतिशास्त्र समितीची मंजुरी कधी येते यावर ते अवलंबून असते. मराठी मजकूर दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडला जातो, म्हणून नवख्याला ते सहसा देतही नाहीत.

पुस्तकाच्या बाबतीत एक वर्षाचा हिशेब तोकडाही पडतो. करारात स्वामित्वधन असेल तर त्याचे पैसे पुढच्या आवृत्त्यांना येतात आणि मुखपृष्ठावरच्या नावामुळे मिळालेले काम भलत्याच ओळीत जमा होते. स्वयंसेवी संस्थेने कुणाचे पुस्तक वाचून विचारणा केली असेल, तर तिच्या ७२,००० पैकी काही श्रेय प्रकाशकाच्या ओळीत टाकायला हवे. ते किती, हे आकडे सांगत नाहीत. माझे मत असे की स्वामित्वधन न देणारे, एकरकमी व्यवहाराचे पुस्तक नाकारावे आणि नाव व हक्क देणारे पुस्तक दोन वर्षांत एखादे घ्यावे, तेही इतर कामांचा ओघ मंद असतो त्या महिन्यांत. रिकाम्या तासाला मिळालेले १२० रुपये शून्यापेक्षा जास्तच असतात. ५०० रुपयांचे काम परत पाठवून मिळवलेले १२० मात्र ३८० रुपयांचा तोटा आहे.

नव्या अटी एप्रिलपासून लागू होतील असे फेब्रुवारीतच कळवावे, म्हणजे हातातली कामे जुन्या दरात संपतात आणि समोरच्यालाही नव्या वर्षाच्या खर्चात तरतूद करता येते. सगळ्यांना एकाच आठवड्यात पत्रे पाठवू नयेत. आधी छोट्या कामांची अट घालावी, कारण ती फसली तरी १८,७५० रुपयेच जातात. जाहिरात कंपनीची अट दुसरी. तिथे नकार आला तर १,२०,००० रुपये जातील आणि ४८० तास मोकळे होतील. ते भरून काढायला औषधांच्या दराने २४० तासांचे जादा काम लागेल, आणि सध्या वर्षाला येते ते ४२० तासांचे.